105K: एका रिमोट-स्विचच्या सर्किट बोर्डाचे वाचन

सर्किट बोर्डावर बसवलेल्या छोट्या भागांच्या अंगावर जे छापलेले असते, ते त्या भागाचे पूर्ण नाव क्वचितच असते. बहुधा ते दोन-तीन अक्षरांत किंवा अंकांत आवळलेले विधान असते, आणि ते विधान कोणत्या पद्धतीने आवळले आहे हे ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ लागत नाही किंवा, त्याहून वाईट, चुकीचा अर्थ अगदी सहज लागतो. एकच 474 हा आकडा एका भागावर चार लाख सत्तर हजार ओहम एवढा अवरोध सांगतो आणि शेजारच्या दुसऱ्या भागावर ०.४७ मायक्रोफॅरड एवढी धारकता सांगतो. म्हणून खुणेवरून भाग ओळखण्याची रीत खुणेपासून सुरू होत नाही. तो भाग बोर्डावर कोठे बसला आहे, त्याच्या शेजारी बोर्डावर काय छापले आहे आणि त्या जागी विजेचे कोणते काम चालते, या तीन प्रश्नांपासून ती सुरू होते. प्रस्तुत व्याख्यानात ही रीत एकाच बोर्डाच्या आधारे मांडली आहे, कारण कोष्टके कोठेही मिळतात, मात्र कोष्टक कोठे लावायचे आणि कोठे त्यावर विसंबायचे नाही हे बोर्ड समोर असल्याखेरीज कळत नाही.

त्यासाठी निवडलेला बोर्ड अगदी सामान्य आहे. गिरगाव, लालबाग, परळ या भागांतल्या जुन्या चाळींत आणि इमारतींत घरातल्या वयस्कर माणसांना उठावे लागू नये म्हणून दिवा, पंखा आणि एखादा प्लग रिमोटवर चालवणारी छोटी पेटी भिंतीवरच्या स्विचबोर्डात बसवलेली आढळते. तिच्यात तीन रिले असतात. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने चुंबक होणारे आणि त्या चुंबकाच्या ओढीने मोठ्या प्रवाहाची वाट जोडणारे स्विच. अशी पेटी दुरुस्तीला येते ती बहुधा एकाच तक्रारीने: पहिली दोन बटणे चालतात, तिसरे चालत नाही, आणि तिसरे म्हणजे ठरावीक बटण नव्हे, जे कोणते बटण तिसऱ्यांदा दाबावे ते. ही तक्रार पुढे कामास येईल.

आधी एक सावधगिरी. या पेटीत ट्रान्सफॉर्मर नसतो. बेस्टकडून शहरात येणारी २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून घेऊन तिचा प्रवाह मर्यादित केलेला असतो, त्यामुळे कमी व्होल्टेजचा दिसणारा भागसुद्धा प्रत्यक्षात मुख्य वाहिनीशी जोडलेला असतो आणि चालू बोर्डाच्या कोणत्याही बिंदूला हात लावणे जिवावर बेतू शकते. खुणा वाचण्याचे सगळे काम पेटी वाहिनीपासून तोडून, कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री करूनच करायचे असते. चालू स्थितीत मोजायचे झालेच तर ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरणाऱ्या जाणकार कारागिराचे काम आहे.

बोर्डावरची पहिली मदत भागांवर नसून भागांच्या शेजारी पांढऱ्या शाईने छापलेली असते. R म्हणजे रेझिस्टर, C म्हणजे कपॅसिटर, D म्हणजे डायोड, Q म्हणजे ट्रान्झिस्टर, U किंवा IC म्हणजे एकात्मिक मंडल, आणि पुढचा आकडा हा केवळ क्रमांक. त्याचा मूल्याशी संबंध नसतो. ही अक्षरे क्षुल्लक वाटतात, परंतु या बोर्डावर U1 या जागी तीन पायांचा, एका बाजूने चपटा, काळ्या प्लॅस्टिकचा जो भाग आहे तो दिसायला हुबेहूब ट्रान्झिस्टर आहे आणि त्यावर 78L05 असे छापले आहे. तो ट्रान्झिस्टर नसून ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारा नियामक आहे. ट्रान्झिस्टर समजून मीटरवर तो तपासणाऱ्याला त्याचे वाचन निरर्थक वाटेल आणि चांगला भाग कचऱ्यात जाईल. शेजारचे U हे अक्षर त्या चुकीपासून वाचवते. बोर्ड बनवणाऱ्याने अक्षरे छापलीच नसतील, आणि स्वस्त मालात तसे होते, तर मात्र तांब्याच्या वाटा हाताने शोधत जाण्याला पर्याय नाही.

मुख्य वाहिनी बोर्डावर जेथे येते तेथे R1 हा नळीच्या आकाराचा, पायांचा रेझिस्टर आहे आणि त्यावर रंगीत पट्टे आहेत. रंगांची ही भाषा अमेरिकेतल्या रेडिओ उत्पादकांच्या संघटनेने १९२० च्या दशकात रूढ केली आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचे कारण सरळ होते, गोल आणि बारीक अंगावर छापलेला आकडा बसवताना खाली दडतो, भोवती फिरणारा पट्टा मात्र कोठूनही दिसतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये कार्यान्वित केलेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे १२,५०० रेझिस्टर होते, ही एक संख्या लक्षात घेतली तरी दुरून वाचता येणाऱ्या खुणेची गरज उमगते. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ आणि पांढरा नऊ. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पहिले दोन पट्टे अंक देतात, तिसरा त्यापुढे किती शून्ये हे सांगतो आणि चौथा मूल्य किती टक्क्यांनी इकडे-तिकडे असू शकते ते सांगतो. सोनेरी म्हणजे पाच टक्के, चंदेरी म्हणजे दहा. पाच पट्टे असतील तर अंक तीन असतात.

R1 वर पिवळा, जांभळा, मग एक गडद पट्टा आणि शेवटी सोनेरी असा क्रम आहे. गडद पट्टा काळा की तपकिरी हे सांगता येत नाही, कारण हा रेझिस्टर वर्षानुवर्षे तापला आहे आणि तापलेल्या अंगावर रंग काळवंडतात. तांबडा तपकिरीकडे झुकतो, नारिंगी तांबड्याकडे, आणि पिवळसर एलईडीच्या उजेडात हा गोंधळ वाढतो. पट्टा काळा असेल तर मूल्य ४७ ओहम, तपकिरी असेल तर ४७० ओहम. दोन्ही मूल्ये बाजारात मिळणारी, म्हणजे प्रमाणित मालिकेतली आहेत. ही मालिका १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२ या बारा मूल्यांची आणि त्यांच्या दसपटींची असते, तेव्हा मालिकेत बसते की नाही ही नेहमीची कसोटी येथे उपयोगाची नाही. उपयोगाची आहे ती जागा. याच्या पुढे जो कपॅसिटर आहे त्यातून सुमारे ७२ मिलिअँपिअर प्रवाह जातो, आणि तोच प्रवाह R1 मधून जातो. ४७० ओहममध्ये एवढ्या प्रवाहाने जवळजवळ अडीच वॅट उष्णता निर्माण होईल. समोरचा रेझिस्टर आकारावरून एक वॅटचा आहे, तो पहिल्याच दिवशी जळाला असता. ४७ ओहममध्ये पाव वॅटच्या आसपास उष्णता होते, आणि पेटीला वीज मिळाल्याच्या क्षणी येणारा झटका सात अँपिअरपर्यंत रोखण्याचे जे काम या जागी अपेक्षित आहे तेही ४७ ओहमच करू शकतो. पट्टा काळा आहे. डोळ्याने जे ठरले नाही ते एका गुणाकाराने ठरले.

पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये याहून सूक्ष्म अडचण असते आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी हा क्रम डावीकडून वाचला तर १०,००० ओहम, एक टक्का. तोच रेझिस्टर उलटा धरून तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी असा वाचला तर १२० ओहम, एक टक्का. दोन्ही वाचने नियमाला धरून आहेत आणि दोन्ही मूल्ये दुकानात मिळतात. शेवटचा पट्टा इतरांपासून किंचित दूर असतो असा संकेत आहे खरा, पण मुंगीएवढ्या रेझिस्टरवर ते अंतर उत्पादकाच्या हाताइतकेच विश्वासार्ह असते. अशा वेळी एक पाय सोडवून मीटर लावावा. बोर्डावर बसलेल्या स्थितीत मोजल्यास शेजारचे भाग समांतर जोडले गेल्याने मीटर खऱ्यापेक्षा कमी अवरोध दाखवतो.

बोर्डाच्या मागच्या बाजूला पाय नसलेले, थेट तांब्यावर चिकटवलेले चपटे रेझिस्टर आहेत आणि त्यांच्यावर रंग नसून आकडे आहेत. येथे नियम तोच: शेवटचा अंक शून्यांची संख्या सांगतो. 472 म्हणजे ४७ पुढे दोन शून्ये, ४,७०० ओहम. दशांश असेल तर त्याच्या जागी R येतो, म्हणून 4R7 म्हणजे ४.७ ओहम. चार अंक असतील तर अंक तीन आणि शून्यांचा आकडा चौथा. तिसरी एक पद्धत एक टक्क्याच्या छोट्या रेझिस्टरसाठी आहे, तिच्यात दोन अंक हे मूल्य नसून एका ठरलेल्या ९६ मूल्यांच्या यादीतला क्रमांक असतो आणि अक्षर गुणक असते. 01C म्हणजे यादीतले पहिले मूल्य १००, गुणिले १००. परिणामी दहा हजार ओहम हे एकच मूल्य 103, 1002 आणि 01C असे तीन प्रकारे छापलेले सापडते, आणि तिसरे रूप पाहून पुष्कळ शिकाऊ कारागीर तो रेझिस्टर नसून काहीतरी वेगळाच भाग असल्याचा तर्क करतात.

R2 आणि R3 या जागी एकामागे एक जोडलेले दोन 474 आहेत, प्रत्येकी ४,७०,००० ओहम. दोन का, एक मोठा का नाही, याचे उत्तर त्यांच्या आकारात आहे: एवढ्या छोट्या चपट्या रेझिस्टरला दीड-दोनशे व्होल्टपेक्षा जास्त सहन होत नाहीत, आणि येथे ३२५ व्होल्टपर्यंतचे शिखर येते, म्हणून ते दोघांत वाटले आहे. पेटी बंद केल्यावर शेजारच्या कपॅसिटरमधला साठा दोन-तीन सेकंदांत जिरवणे हे त्यांचे काम. त्यांपैकी एक जरी तुटला तरी पेटी बाहेरून व्यवस्थित चालते, फक्त वाहिनीपासून तोडल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. आधी सांगितलेली मीटरने खात्री करून घेण्याची सूचना त्याच कारणाने आहे.

आता तो कपॅसिटर, C1. पिवळ्या रंगाची चौकोनी डबी, आणि तिच्यावर 105K 275V~ X2 असे छापलेले. रेझिस्टरवर अंक ओहममध्ये असतात, कपॅसिटरवर ते पिकोफॅरडमध्ये असतात, म्हणजे फॅरडच्या एका अब्जांशाच्याही हजाराव्या हिश्शात. १० पुढे पाच शून्ये म्हणजे दहा लाख पिकोफॅरड, म्हणजे १ मायक्रोफॅरड. K हे अक्षर दहा टक्क्यांची सूट सांगते. त्याच जागी J असते तर पाच टक्के आणि M असते तर वीस. या K ला किलो समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, आणि ती करणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण रेझिस्टरच्या बाबतीत K चा अर्थ खरोखरच हजार असा असतो.

या खुणेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र आकडा नसून त्यापुढचे नागमोडी चिन्ह आणि X2 ही दोन अक्षरे आहेत. नागमोडी चिन्ह म्हणजे दिलेले व्होल्टेज आलटून-पालटून दिशा बदलणाऱ्या विजेचे आहे. X2 म्हणजे हा कपॅसिटर मुख्य वाहिनीच्या दोन तारांमध्ये थेट जोडण्यासाठी तपासलेल्या वर्गातला आहे, आणि वाहिनीवरून येणाऱ्या उसळ्या सोसून, खराब झालाच तर पेट न घेता खराब होईल, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. दुकानात त्याच आकाराचा, 105J 400V छापलेला दुसरा कपॅसिटर कमी किमतीत मिळतो आणि ४०० हा आकडा २७५ पेक्षा मोठा असल्याने तो अधिक मजबूत वाटतो. त्यावर नागमोडी चिन्ह नसते. त्याचे ४०० व्होल्ट एकाच दिशेच्या विजेचे आहेत, आणि २३० व्होल्टच्या वाहिनीचे शिखरच ३२५ व्होल्ट असते, वरच्या उसळ्या वेगळ्या. खुणेत नसलेले चिन्ह वाचणे हे असलेले चिन्ह वाचण्यापेक्षा कठीण असते.

बोर्डावरचा दुसरा कपॅसिटर C2 हा उभ्या नळकांड्याचा, 220µF 35V छापलेला इलेक्ट्रोलिटिक आहे. त्याचे मूल्य स्पष्ट लिहिलेले असते, पाहायची ती दिशा. ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर बाजूने उतरणारा पट्टा ऋण पाय दाखवतो. चपट्या, पिवळ्या किंवा काळ्या टँटलम कपॅसिटरवर मात्र पट्टा धन बाजू दाखवतो, आणि सवयीने तो उलटा बसवला तर वीज देताच जळतो. तपकिरी, गुळगुळीत, काहीही न छापलेले बारीक कपॅसिटर बोर्डभर विखुरलेले असतात. त्यांच्यावर खूणच नसल्याने त्यांची ओळख सोडवून मोजण्यानेच होते.

रिलेंच्या शेजारी Q1, Q2, Q3 हे तीन ट्रान्झिस्टर आहेत. नियंत्रकाकडून आलेल्या छोट्या प्रवाहावर रिलेच्या गुंडाळीचा मोठा प्रवाह सोडणे किंवा रोखणे हे त्यांचे काम. येथे खुणांच्या पद्धती सर्वांत जास्त गुंतलेल्या आहेत आणि त्याची मुळे या उद्योगाच्या इतिहासात आहेत. अमेरिकेत 2N ने सुरू होणारे क्रमांक नोंदवले गेले. त्यातल्या आकड्यावरून गुणधर्माबद्दल काहीच कळत नाही, तो केवळ नोंदीचा क्रम. युरोपात प्रो-इलेक्ट्रॉन या संस्थेच्या, १९६६ पासूनच्या पद्धतीत अक्षरेच अर्थ सांगतात: पहिले A असेल तर जर्मेनियम आणि B असेल तर सिलिकॉन, दुसरे C असेल तर कमी शक्तीचा आणि D असेल तर जास्त शक्तीचा ध्वनिवारंवारतेचा ट्रान्झिस्टर, F असेल तर उच्च वारंवारतेचा. म्हणून जुन्या रेडिओतला AC128 जर्मेनियमचा आहे आणि BC547 सिलिकॉनचा, हे आकड्याकडे न पाहता सांगता येते. जपानी पद्धतीत 2SA, 2SB, 2SC, 2SD असे वर्ग, आणि छोट्या अंगावर जागा वाचवण्यासाठी सुरुवातीचे 2S गाळलेले, त्यामुळे 2SC1815 वर नुसते C1815 असते. यांच्या जोडीला भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने घरोघरच्या आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचवलेले SL100 आणि SK100 यांसारखे भाग आहेत, जे वरच्या कोणत्याच पद्धतीत बसत नाहीत. SL100 च्या पत्र्याच्या डबीला कडेला एक छोटी जीभ असते आणि तिच्याजवळचा पाय एमिटर असतो. कलेक्टर मात्र डबीशीच जोडलेला असतो, आणि ही गोष्ट विसरून डबीला उघड्या पत्र्याचा स्पर्श होऊ दिला की मंडल बिघडते.

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, या चारही परंपरांचे भाग एकाच दुकानाच्या शेजारशेजारच्या खणांत मिळतात, आणि तेथे सर्वाधिक होणारी गफलत नावाची नसून पायांची आहे. चपटी बाजू समोर आणि पाय खाली धरले असता BC547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. C1815 चे एमिटर, कलेक्टर, बेस. 2N3904 चे एमिटर, बेस, कलेक्टर. तिघांचे अंग एकच, काम जवळपास एकच, बदली म्हणून तिघेही सुचवले जातात, आणि सरळ भोकांत बसवले तर तिघांपैकी एकच चालतो. म्हणून खूण वाचून झाल्यावर पाय मीटरच्या डायोड तपासणीने ठरवावेत: ज्या पायापासून बाकीच्या दोन्ही पायांकडे ०.६ ते ०.७ व्होल्टच्या दरम्यान वाचन मिळते तो बेस, आणि त्या दोन वाचनांपैकी ज्याच्याकडे किंचित जास्त मिळते तो एमिटर, कारण त्या बाजूला अशुद्धीचे प्रमाण अधिक ठेवलेले असते. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये हेच वाचन ०.२ ते ०.३ च्या आसपास येते.

समोरच्या बोर्डावरील Q1 ते Q3 हे मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान, तीन पायांचे चपटे भाग आहेत आणि त्यांच्यावर 1AM एवढेच आहे. एवढ्या अंगावर पूर्ण नाव मावत नाही, म्हणून प्रत्येक उत्पादक आपापला संक्षेप छापतो, आणि हे संक्षेप ठरवणारी कोणतीही एक सामाईक नोंदवही नाही. 1AM हा एका उत्पादकाच्या यादीत MMBT3904 आहे, म्हणजे 2N3904 चेच चपटे रूप. त्यातले M हे उत्पादनाचा काळ सांगणारे चिन्ह असू शकते किंवा खुणेचाच भाग असू शकते, आणि नुसते 1A पाहिले तर दुसऱ्या यादीत तेच BC846A ठरते. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. मग नेमका कोणता, हा प्रश्न येथे सोडवावा लागत नाही: दोघेही एनपीएन जातीचे आहेत, दोघांच्या पायांचा क्रम या अंगात सारखाच आहे, पहिला ४० व्होल्ट सहन करतो, दुसरा ६५, आणि या जागी २४ व्होल्ट आहेत, पहिल्याची प्रवाहमर्यादा २०० मिलिअँपिअर, दुसऱ्याची १००, आणि रिलेची गुंडाळी १५ घेते. बेसला लागलेला 472 नियंत्रकाच्या ५ व्होल्टमधून सुमारे ०.९ मिलिअँपिअर देतो, तो दोघांनाही पुरेसा आहे. ओळख किती काटेकोर हवी हे ज्या जागी भाग बसायचा ती जागा ठरवते. हाच भाग रेडिओच्या ध्वनिवर्धकात असता तर या दोघांतला फरक दुर्लक्षिता आला नसता. गुंडाळीच्या शेजारी M7 छापलेला डायोड आहे. तो जुन्या 1N4007 चा चपटा अवतार, गुंडाळी बंद होताना उठणारी उसळी रिचवण्यासाठी ठेवलेला.

आता तक्रारीकडे वळता येईल. पुरवठा धरून ठेवण्यासाठी बोर्डावर एकामागे एक दोन झेनर डायोड आहेत, 4742A छापलेले. प्रत्येकी १२, मिळून २४ व्होल्ट. त्यांच्या खालचा बोर्ड तापून तपकिरी झाला आहे, आणि सरावाचा कारागीर त्यांनाच दोषी धरील. परंतु C1 मधून बोर्डाला किती प्रवाह मिळू शकतो हे एका सूत्राने काढता येते:

```
I = 4 · f · C · (Vp − Vz)
```

येथे f म्हणजे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, C म्हणजे धारकता, Vp म्हणजे वाहिनीचे शिखर ३२५ व्होल्ट आणि Vz म्हणजे २४. छापल्याप्रमाणे १ मायक्रोफॅरड धरले तर सुमारे ६० मिलिअँपिअर मिळतात. नियंत्रकाचे चार आणि तीन रिलेंचे पंधरा-पंधरा मिळून ४९ लागतात, म्हणजे सगळे चालायला हवे. पण C1 सोडवून धारकता मोजणाऱ्या मीटरवर लावला असता वाचन ०.३५ येते, असे समजू या; अशा जुन्या पेटीत ते मुळीच अपवादात्मक नसते. मग प्रवाह २१ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. नियंत्रकाचे चार वजा जाता एका रिलेला पुरेसा उरतो. दुसरे बटण दाबताना C2 मधला साठा २४ व्होल्टवर असतो, त्याच्या बळावर दुसरा रिले ओढला जातो, आणि मग व्होल्टेज १४ च्या आसपास घसरते. ओढला गेलेला रिले एवढ्यावर टिकून राहतो, कारण धरून ठेवण्यास लागणारे व्होल्टेज ओढण्यास लागणाऱ्यापेक्षा बरेच कमी असते. पण तिसऱ्याला ओढण्यासाठी सुमारे १८ व्होल्ट हवेत, ते तेथे नाहीत. म्हणून तिसरा कोणताही असो, तोच चालत नाही. दोष Q3 मध्ये असता तर नेहमी एकच बटण बंद पडले असते.

C1 वरची खूण खोटी नव्हती. ती कपॅसिटर कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसाची होती. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर नॅनोमीटरमध्ये मोजावा असा धातूचा थर असतो. प्रत्येक उसळीला त्यातला एक ठिपका वाफ होऊन बाजूला पडतो आणि कपॅसिटर स्वतःला वाचवतो, पण थोडे क्षेत्रफळ गमावतो. त्यात दमट हवा शिरली की थर कडेने गंजत जातो, आणि समुद्राकाठच्या शहरात चार महिन्यांच्या पावसाळ्यात भिंतीतल्या पेटीला कोरडी हवा मिळत नाही. बाहेरून काही दिसत नाही. डबी फुगत नाही, फुटत नाही, छपाई जशीच्या तशी राहते.

बदली घेताना म्हणून दुकानदाराला नुसते १ मायक्रोफॅरड सांगून भागत नाही. X2, आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट नागमोडी चिन्हासह, असे सांगावे लागते, पायांमधले अंतर जुन्याशी जुळवून पाहावे लागते, आणि घेतलेला नवा भागही बसवण्यापूर्वी मीटरवर लावून वाचन ०.९ ते १.१ च्या आत येते का ते पाहावे लागते, कारण जुन्या बोर्डांवरून काढून पुसलेला माल नव्याच्या खणात मिसळलेला असू शकतो. 105K बसवल्यावर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, तिन्ही रिले चालू असताना झेनरच्या दोन टोकांवर २४ व्होल्टच्या जवळपास वाचन यायला हवे. ते १४ च्या आसपासच राहिले तर दोष R1 च्या किंवा पुढच्या डायोडच्या बाजूला शोधायचा.